१९९२ सालची ‘सर्बियन’ आयात

पुण्याजवळच्या एका यंत्रनिर्मिती कंपनीच्या जुन्या खरेदी-नोंदी नव्या संगणक प्रणालीत हलवण्याचे काम आमच्याकडे होते. काम संपत आले असताना कंपनीच्या अनुपालन विभागाने देशवार आयातीचा अहवाल काढून पाहिला आणि त्यात १९९२ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सर्बियातील तीन पुरवठादारांकडून लेथचे सुटे भाग घेतल्याच्या नोंदी निघाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३० मे १९९२ रोजी ठराव ७५७ संमत करून त्या वेळच्या संघीय युगोस्लाव्हियाशी, म्हणजे सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो यांच्याशी, व्यापार थांबवण्याचे बंधन सर्व देशांवर घातले होते. नोंदी खऱ्या असतील, तर कंपनीने निर्बंधांच्या काळात बंदी असलेल्या देशातून माल आणला होता. विभागप्रमुख मॅडमनी फोनवर एवढेच विचारले, “हा माल खरंच सर्बियातून आला होता का? मला आज संध्याकाळपर्यंत लेखी उत्तर हवं आहे.”

जुन्या प्रणालीत त्या पुरवठादारांपुढे सर्बिया असे कुठेही लिहिलेले नव्हते. तिथे होती CS ही दोन अक्षरे. नव्या प्रणालीत CS हा देश अस्तित्वातच नसल्यामुळे रूपांतराच्या तक्त्यात त्याच्यासमोर RS, म्हणजे सर्बिया, असे भरले गेले होते आणि तक्ता तयार करणाऱ्याने एका अर्थी नियमानेच काम केले होते. देशांचे कोड ठरवणाऱ्या आयएसओ ३१६६ या आंतरराष्ट्रीय मानकात CS चा सर्वांत अलीकडचा अर्थ ‘सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो’ असाच आहे. मात्र हा अर्थ त्या अक्षरांना जुलै २००३ मध्ये मिळाला आणि सप्टेंबर २००६ मध्ये RS व ME हे दोन नवे कोड आल्यावर संपला. त्याच्या कितीतरी आधी, १९७४ च्या पहिल्या यादीपासून, CS म्हणजे चेकोस्लोव्हाकिया होता. तो देश ३१ डिसेंबर १९९२ रोजी संपला, चेक प्रजासत्ताकाला CZ आणि स्लोव्हाकियाला SK मिळाले आणि सुमारे दहा वर्षांनी तीच दोन अक्षरे भलत्याच देशाला दिली गेली. एकदा निवृत्त केलेला कोड किमान पाच वर्षे कोणाला द्यायचा नाही, एवढीच अट तेव्हा होती. या फेरवापरावर इतकी टीका झाली, की २००६ च्या आवृत्तीत ती मुदत पन्नास वर्षे करण्यात आली. माझ्या मते पन्नास वर्षेही कमीच आहेत, कारण विमा, जमीन, निवृत्तिवेतन आणि पेटंट यांच्या नोंदी त्याहून जास्त जगतात.

मग १९९२ च्या नोंदीतील CS म्हणजे चेकोस्लोव्हाकिया, इतके म्हणून प्रश्न मिटायला हवा होता. ऑक्टोबर १९९२ मध्ये सर्बियासाठी कोणी CS लिहिणे शक्यच नव्हते, कारण त्या वेळी तिथला कोड YU होता. परंतु इथे एक अडचण होती. खरेदीच्या नोंदीत देश नव्हताच, फक्त पुरवठादाराचा क्रमांक होता, आणि देश होता तो पुरवठादारांच्या मुख्य यादीत. त्या यादीतील संबंधित ओळी अशा होत्या :

```
VENDOR  CTRY  POST   PHONE   CREATED
2118    CS    60200  42-5    2004-04-01
2164    CS    11000  42-2    2004-04-01
2203    CS    4001   42-95   2004-04-01
3390    CS    11000  381-11  2004-11-16
```

ओळ तयार झाल्याची तारीख पाहिली, तर चारही ओळी २००४ च्या, म्हणजे CS चा अर्थ सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो असण्याच्या काळातल्या. कोडचा अर्थ तो ज्या दिवशी लिहिला गेला त्या दिवशीच्या यादीवरून लावायचा, हा नियम बरोबर आहे, पण ‘लिहिला गेला’ याचा अर्थ यंत्राने ठोकलेली तारीख असा घेतला की फसगत होते. पहिल्या तीन ओळींची तारीख अगदी एकच आहे आणि ती १ एप्रिल, म्हणजे आर्थिक वर्षाचा पहिला दिवस. यादीत आणखी शेकडो ओळींवर हीच तारीख होती. कंपनीने त्या दिवशी आधीची प्रणाली बदलली होती आणि जुने सगळे पुरवठादार एका रात्रीत भरले गेले होते, त्यामुळे ती तारीख भरणीची आहे, कोड लिहिल्याची नाही. चौथ्या ओळीची तारीख मात्र एकटीच आहे आणि तिचा पुरवठादार क्रमांकही बराच पुढचा आहे, म्हणून ती नोंद खरोखर त्या नोव्हेंबरात केलेली असणार.

तारखेचा आधार असा निसटल्यावर ओळीतील बाकीच्या रकान्यांकडे वळावे लागते. पिन कोड पाहू लागलो, तर 11000 हा आकडा दोनदा आला. प्राग शहराच्या मध्यभागाचा पिन कोड 110 00 आहे आणि बेलग्रेडचाही 11000 आहे. दोन्ही राजधान्या, दोन्ही पाच अंकी, दोन्ही एकेकाळी CS. इतका दुर्दैवी योगायोग मी या कामात दुसरा पाहिलेला नाही. आठने सुरू होणाऱ्या क्रमांकांतही असाच घोळ होतो, कारण ब्रातिस्लाव्हाचे क्रमांक 81 ने सुरू होतात आणि मॉन्टेनेग्रोच्या पॉडगोरित्साचा क्रमांक 81000 आहे. म्हणून केवळ पिन कोडवर निकाल देता येत नाही.

निकाल दिला तो दूरध्वनीच्या रकान्याने. चेकोस्लोव्हाकियाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक 42 होता आणि देश दुभंगल्यावरही दोन्ही नव्या देशांनी तो १९९७ पर्यंत सामाईक वापरला. त्यानंतर चेक प्रजासत्ताकाला 420 आणि स्लोव्हाकियाला 421 मिळाला. सर्बियाचा क्रमांक 381 आहे. तेव्हा 42-2 म्हणजे प्राग आणि 381-11 म्हणजे बेलग्रेड, यात शंका उरत नाही. शिवाय 42 पुढे तिसरा अंक नसणे हीच एक तारीख आहे, कारण हा क्रमांक १९९७ च्या आधी कधीतरी लिहून घेतला गेला आणि पुढे कोणी दुरुस्त केला नाही. अशा ओळीतील CS ला २००३ चा अर्थ चिकटवता येत नाही, मग भरणीची तारीख काहीही असो.

2118 ही ओळ सोपी होती. 60200 आणि 42-5 म्हणजे बर्नो, जिथले झेटॉर ट्रॅक्टर आपल्याकडच्या शेतकऱ्यांनाही परिचित आहेत. 2203 मधला 4001 हा चार अंकी पिन कोड मात्र पहिल्या नजरेत चुकीचा वाटतो. तो चुकीचा नव्हता, अपुरा होता. चेकोस्लोव्हाकियात एक ते सात या अंकांनी सुरू होणारे पिन कोड चेक भागाला आणि आठ, नऊ व शून्याने सुरू होणारे स्लोव्हाक भागाला दिलेले होते. रकाना आकड्यांचा ठरवल्यामुळे सुरुवातीचे शून्य गळून पडले होते. ते परत लावले की 040 01, म्हणजे पूर्व स्लोव्हाकियातील कोशित्से, आणि 95 हा तिथलाच त्या वेळचा शहर क्रमांक. रूपांतराच्या तक्त्यात CS समोर सरसकट CZ लिहिले असते, तरी ही ओळ चुकलीच असती.

कागदाचा पुरावा हाताशी असावा म्हणून कंपनीच्या खरेदी विभागातून निवृत्त झालेल्या एका काकांना विचारले. ते म्हणाले, “अहो, बर्नोची फाईल गोदामाच्या माळ्यावर असेल. तो माल हॅम्बुर्गवरून यायचा.” फाईल मिळाली. बिलाच्या शीर्षकावर देशाचे नाव ‘चेक आणि स्लोव्हाक संघराज्य’ असे छापलेले होते. हे नाव १९९० च्या वसंतापासून १९९२ अखेरपर्यंतच चालले, त्यामुळे बिलावरची तारीख झाकली तरी काळ निश्चित होत होता.

आता नव्या प्रणालीत काय लिहायचे हा प्रश्न उरला. अशा वेळी जुन्या कोडच्या जागी आजचा कोड लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. पण ऑक्टोबर १९९२ ची कोशित्सेची खरेदी ‘स्लोव्हाकियाकडून’ म्हणून नोंदवणे हेही खोटेच, कारण त्या दिवशी तो स्वतंत्र देश नव्हता. याच गरजेसाठी आयएसओ ३१६६ चा तिसरा भाग आहे. त्यात निवृत्त देशांना चार अक्षरी कोड दिलेले आहेत, ज्यांतली पहिली दोन अक्षरे जुन्या कोडची असतात आणि पुढची दोन सहसा त्या देशाचे पुढे काय झाले ते सांगतात. पूर्व जर्मनीचा DDDE, म्हणजे DD पुढे DE मध्ये गेला. एकच वारस सांगता येत नसेल तिथे HH येते, म्हणून चेकोस्लोव्हाकिया CSHH. सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोचेही दोन वारस आहेत, पण CSHH आधीच वापरात असल्यामुळे त्याला CSXX द्यावा लागला. आपल्याकडे अशा यादीत एक जवळचे नाव आहे : SKIN, म्हणजे सिक्कीम. १९७४ च्या यादीत SK हा सिक्कीमचा कोड होता, १९७५ मध्ये ते भारतात विलीन झाले आणि पुढे तीच अक्षरे स्लोव्हाकियाला गेली.

आम्ही मूळ CS जसाच्या तसा ठेवला, त्याच्या शेजारच्या रकान्यात CSHH किंवा CSXX लिहिला आणि पुरवठादार आज ज्या देशात आहे त्याचा कोड तिसऱ्या, वेगळ्या रकान्यात नेला. देशवार ऐतिहासिक अहवाल दुसऱ्या रकान्यावरून निघतो आणि पत्रव्यवहार तिसऱ्यावरून. यादीत तीन अक्षरी कोड असते, तर हा खटाटोप पडला नसता, कारण CSK आणि SCG एकमेकांत मिसळत नाहीत. अंकी कोडही वेगळे आहेत, 200 आणि 891.

मॅडमना हे सगळे कळवल्यावर त्यांनी अगदी योग्य शंका काढली, की निर्बंधांचा खरा प्रश्न CS च्या ओळींना नाहीच, तो YU च्या ओळींना विचारायला हवा. YU हा कोड २००३ पर्यंत चालला, पण मधल्या काळात त्याच्या आतला देश बदलला. आधी तो सहा प्रजासत्ताकांचा महासंघ होता, नंतर केवळ सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो. अक्षरे तीच राहिली. अंकी कोड मात्र 890 वरून 891 झाला, कारण तो अंक नावाला नव्हे तर भूभागाला दिलेला असतो. त्याच कारणाने झैरेचे नाव काँगो झाले तेव्हा अक्षरे बदलली आणि 180 हा अंक राहिला. दुर्दैवाने या कंपनीच्या नोंदींत अंकी कोडचा रकानाच नव्हता.

शोध घेतला तेव्हा YU च्या बहुतेक खरेद्या १९८० च्या दशकातल्या निघाल्या. एकच ओळ ऑगस्ट १९९२ ची होती, निर्बंधांच्या ऐन काळातली. तिचा पिन कोड 61000 आणि दूरध्वनी 38-61. हे ल्युब्लियाना, म्हणजे स्लोव्हेनियाची राजधानी, आहे. स्लोव्हेनिया १९९१ मध्येच बाहेर पडला होता आणि मे १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सदस्यही झाला होता. त्याला SI कोड मिळाल्यावरही खरेदी विभागाने जुन्या पुरवठादाराच्या पुढचा YU बदललेला नव्हता. ठराव ७५७ त्या मालाला लागू नव्हता. या ओळीत मूळ YU तसाच ठेवून आम्ही शेऱ्याच्या रकान्यात पिन कोडचा आधार लिहिला आणि बिलाची प्रत जोडून संध्याकाळी उत्तर पाठवले.