एका बॉक्सचे दोन आजार: सिंक आणि बेंड

सकाळी शिफ्टला आलो तर क्वालिटीवाल्याने टेबलावर बॉक्स मांडूनच ठेवले होते. इंजेक्शन मोल्डिंगने काढलेला पीपी प्लास्टिकचा बॉक्स, भिंत २.५ मिमी. तळाला बाहेरून बॉसच्या, म्हणजे आत उभ्या असलेल्या पोकळ खांबाच्या, जागी चांगला खड्डा, म्हणजे सिंक, आणि दोन्ही लांब भिंती मधोमध आत ओढलेल्या, म्हणजे बेंड. पट्टी लावली तर जवळजवळ २ मिमीची फट. रात्रीच्या ऑपरेटरने होल्डिंग प्रेशर वाढवत नेलं होतं, पण सिंक तसाच आणि वर टोकाला फ्लॅश, म्हणजे मोल्डच्या सांध्यातून निघणारी पातळ पापडी, यायला लागला होता. सगळे म्हणत होते मटेरियल खराब आहे, मोल्डिंगमध्ये काही बिघडलं की पहिला नंबर मटेरियलचाच लागतो.

मी आधी सेटिंग पेज उघडलं. मोल्ड बंद होऊन लॉक झाला की इंजेक्शन २ सेकंद, त्यात पोकळी जवळपास भरते, मग मशीन होल्डिंगवर जातं, म्हणजे आत माल थंड होऊन आकसतो तेवढा नवीन माल दाबून ढकलत राहायचं. होल्डिंग ३ सेकंद होतं. त्यानंतर कूलिंग २२ सेकंद, त्याच वेळात स्क्रू मागे फिरत पुढच्या शॉटचा माल वितळवून घेतो, इथे त्याला साधारण ९ सेकंद लागत होते, मग मोल्ड उघडून पार्ट बाहेर. कुशनही बघितली, स्क्रूपुढे शेवटपर्यंत थोडा माल शिल्लक राहत होता, म्हणजे प्रेशर पोचवायला माल होता.

आता मुद्दा असा की सिंक गेटच्या, म्हणजे माल पोकळीत शिरतो त्या तोंडाच्या, अगदी जवळच्या बॉसवर होता. लांब टोकाला असता तर म्हटलं असतं प्रेशर तिथपर्यंत पोचत नाही. गेटजवळ सिंक दिसला की माझा पहिला संशय होल्डिंगच्या वेळेवर जातो. गेट गोठायच्या आधीच प्रेशर सोडलं तर आतला माल गेटमधून उलटा मागे येतो, मग तुम्ही प्रेशर कितीही वाढवा, सुटल्यावर तो मागेच येणार. सायकल कमी करायला कोणीतरी होल्डिंग कापलं होतं, कोणी ते विचारत बसलो नाही.

मग होल्डिंग प्रेशर जुन्या जागी आणलं आणि फक्त वेळ वाढवत प्रत्येक सेटिंगचे पार्ट वजन केले, रनर, म्हणजे गेटपर्यंतच्या वाटेतला गोठलेला माल, तोडून. ३ सेकंदाला ८४.१ ग्रॅम, ५ ला ८५.०, ६ ला ८५.४, ७ ला ८५.६ आणि ८ लाही ८५.६. वजन थांबलं म्हणजे गेट गोठलं, त्यापुढे होल्डिंग ठेवणं म्हणजे वेळ वाया. ७.५ वर ठेवलं आणि कूलिंग १८ वर आणलं, स्क्रूला ९ च लागतात त्यामुळे अडचण नव्हती. सायकल होती जवळपास तेवढीच राहिली. फ्लॅश गेला, सिंक बराच कमी झाला.

पण भिंती तशाच आत. इथे गंमत होते, लोकांना वाटतं सिंक आणि बेंड एकाच कारणाचे. सिंक म्हणजे जाड जागी आकसायला माल कमी पडला, आणि बेंड म्हणजे पार्टच्या दोन बाजू सारख्या आकसल्या नाहीत. पार्ट गरम बाजूकडे वाकतो, कारण ती बाजू उशिरा थंड होते आणि जास्त आकसते, पीपीत तर हळू थंड झालं की क्रिस्टल जास्त बनतात म्हणून अजूनच. भिंती आत ओढल्या म्हणजे कोर, पार्टची आतली बाजू घडवणारा मोल्डचा भाग, गरम असणार. मशीन थांबवून लगेच टेम्परेचर प्रोब लावला तर बाहेरची बाजू घडवणारी कॅव्हिटी ३६ अंश आणि कोर ६४! कोरच्या पाण्याचा रिटर्न पाइप काढून बादलीत सोडला तर धार बारीक, आत क्षार साचले होते. नुसतं कूलिंग वाढवून हे सुटत नाही, पार्ट मोल्डमध्ये जास्त वेळ धरला जातो पण फरक तसाच राहतो.

लाइन डिस्केल केल्यावर कोर ४५ च्या आसपास आला. तेव्हाचे गरम पार्ट सरळ दिसत होते पण मी पास केले नाहीत, पीपी बाहेर आल्यावरही दिवसभर आकसत राहतं, दुसऱ्या दिवशी मोजले तर फट अर्धा मिमीच्या आत, ड्रॉइंगमध्ये बसणारी.

बॉसवर उजेडात अजून पुसट खड्डा दिसतोच, तो मशीनवर जाणार नाही. बॉसच्या मुळाशी माल घट्ट भरलाय, भोक तळापर्यंत जातच नाही. लगतची रिब, म्हणजे आधाराची उभी पट्टी, तीही मुळाशी २.२ मिमी, भिंतीच्या निम्मी ते ६० टक्के असायला हवी होती. रिब बारीक करायची तर मोल्डमध्ये वेल्डिंग करून स्टील भरावं लागतं, ते टूलरूमला नको होतं. त्यापेक्षा बॉसचं भोक घडवणारी कोर पिन लांब करायचं ठरलं, पुढच्या मेंटेनन्सला मोल्ड उतरेल तेव्हा.