चौथ्या पिढीतला थायरॉइड

मुलगी नऊ वर्षांची, वजन जेमतेम २३ किलो. वर्गात सगळ्यांत उंच, पण खांद्याची हाडं दिसणारी. फाइलवर पहिल्याच पानावर निदान होतं: ग्रेव्ह्ज, म्हणजे थायरॉइडचं हॉर्मोन जास्त बनवणारा आजार. तिसऱ्या वर्षी ते हॉर्मोन कमी करणारी गोळी, कार्बिमॅझोल, सुरू झालेली, दोनदा बंद केलेली, आणि दोन्ही वेळा काही आठवड्यांतच नाडी पुन्हा १३०-१४० वर गेलेली. वडिलांनी विचारलं, "मॅडम, गोळी किती दिवस द्यायची म्हणता? आधीचे डॉक्टर म्हणाले होते, दोन वर्षांत बरं होतंय."

ग्रेव्ह्जमध्ये ती आशा खोटी नसते. तिथे शरीराचीच प्रतिपिंडं थायरॉइडला चिथावत असतात, आणि काही रुग्णांत ती हळूहळू ओसरतात. पण ग्रेव्ह्जमध्ये डोळेही अनेकदा सुजतात, आणि माझ्यासमोरच्या मुलीचे डोळे अगदी शांत होते, पापण्यांना सूज नव्हती. थायरॉइडला कामाला लावणारं टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, थायरॉइडचं स्वतःचं हॉर्मोन फ्री टी-फोर ३.९, म्हणजे वरच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. आणि टीएसएच रिसेप्टरविरोधी प्रतिपिंडांची तपासणी निगेटिव्ह. आधीच्या फाइलमध्ये ती कधी केलेलीच दिसली नाही. एका निगेटिव्ह रिपोर्टवर ग्रेव्ह्ज नाकारता येत नाही, कारण त्या आजारातही थोड्या रुग्णांत प्रतिपिंडं सापडत नाहीत. म्हणून मी कागद घेतला आणि घरातली माणसं मांडायला बसले.

त्या दिवशी मुलीची आजी बरोबर आली होती, हे आमचं नशीब. गळ्यावर जुन्या ऑपरेशनचा व्रण. "मिरजेला काढलाय गोळा, हिचा बाप पोटात असायच्या आधी," त्या म्हणाल्या. "माझ्या आईलाबी होता. छाती धडधडायची तिची, उन्हात बसवायची न्हाई." मग वडिलांनी शर्टाची कॉलर खाली केली. त्यांच्याही गळ्यावर तसाच व्रण, आणि व्रणाखाली पुन्हा वाढलेली गाठाळ ग्रंथी. पंधराव्या वर्षी अर्धीअधिक ग्रंथी काढली होती, राहिलेल्या तुकड्याने काही वर्षांत सगळं परत सुरू केलं. त्यांची नाडी मी सहज धरली. ती अनियमित होती.

सलग चार पिढ्या, बायका आणि पुरुष दोघांतही, कुणाच्याच डोळ्यांत काही नाही. इतकं जुळल्यावर संशय रिसेप्टरवरच जातो.

थायरॉइडच्या पेशीवर बसलेला हा रिसेप्टर मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीकडून येणाऱ्या टीएसएचची वाट पाहत असतो. त्याचा मोठा भाग पेशीबाहेर असतो, आणि टीएसएच नसताना तोच भाग आतल्या भागाला बऱ्यापैकी दाबून ठेवतो. टीएसएच चिकटलं की दाब सुटतो, आतलं जी-प्रथिन जागं होतं, ते ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला कामाला लावतं आणि पेशीत सायक्लिक एएमपी वाढतं. पुढची सगळी धावपळ त्याच्या इशाऱ्यावर: आयोडीन आत ओढणं, हॉर्मोन बनवणं, आणि पेशींनी स्वतः वाढणं. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण गळा त्यामुळेच फुगतो. आता पेशीच्या पटलात रुतलेल्या भागातलं एखादं अमिनो आम्ल बदललं, तर रिसेप्टर टीएसएचशिवायच चालू स्थितीकडे झुकतो. रक्तातलं टीएसएच शून्याजवळ गेलं तरी पेशीला ते कळतच नाही.

वडील द्राक्षबागायतदार. त्यांना मी सांगितलं, "विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चालूवरच अडकलाय असं समजा. गोळी पाटात बांध घालते, पाणी शेतात जात नाही. पण मोटार चालूच राहते." कार्बिमॅझोल हॉर्मोन बनवणाऱ्या विकराला रोखतं. सायक्लिक एएमपी त्याच्या वरच्या पायरीवर आहे, त्याला ते हात लावत नाही. म्हणून गोळी चालू असताना रक्त ठीक दिसतं, ग्रंथी मात्र वाढत राहू शकते, आणि गोळी बंद केली की सगळं पुन्हा पहिल्यासारखं बिघडतं.

त्यांचा पुढचा प्रश्न मला फार आवडला. "आमच्या शेजारच्या काकूंना एकाच बाजूला गाठ आहे, तीही हॉर्मोन जास्त करते म्हणतात. त्यांचंही घरातलंच असणार?" नाही, पण बिघाड बहुतेक याच जागी. १९९३ मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांनी अशा गाठींमध्ये याच रिसेप्टरचे बदल शोधले. तिथे जन्मानंतर एका पेशीत बदल होतो, तिची पिलावळ वाढून गाठ होते. जास्तीच्या हॉर्मोनमुळे टीएसएच दबतं, त्यामुळे बाकीची निरोगी ग्रंथी झोपते, आणि स्कॅनवर फक्त गाठ उजळते. काकूंच्या मुलांना ते जात नाही. १९९४ मध्ये त्याच गटाने फ्रान्समधल्या दोन कुटुंबांत तसलाच बदल प्रत्येक पेशीत, म्हणजे वारशाने आलेला, दाखवला. आमच्या मुलीच्या स्कॅनवर गळ्यातली अख्खी ग्रंथी सारखी उजळली होती.

रिसेप्टरचं जनुक वाचायला रक्त सिक्वेन्सिंगला पाठवलं. हे बदल बहुतेक जनुकाच्या शेवटच्या तुकड्यात, दहाव्या एक्झॉनमध्ये असतात. रिपोर्ट आला: `TSHR c.1514G>A, p.Ser505Asn`, एका प्रतीत. ५०५ व्या जागी सेरीनऐवजी ॲस्परॅजीन. हा माहीत असलेला, रिसेप्टर चालू ठेवणारा बदल. वडिलांत तोच, आजींतही तोच.

मग निर्णय बदलला. बरं होण्याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता, आणि अर्धी ग्रंथी काढण्यातही नव्हता. ते वडिलांच्या गळ्यावर लिहिलेलंच होतं. या आजारासाठी २०१२ मध्ये निघालेल्या युरोपीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: ग्रंथी शक्य तितकी पूर्ण काढा आणि उरलेल्या पेशी रेडिओआयोडीनने, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीनने संपवा. मुलीच्या आईला ऑपरेशनची भीती वाटत होती, आणि ती रास्त होती. आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार बारीक ग्रंथी तिथेच असतात. म्हणून लहान मुलांचे गळे नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच पाठवायचं, हा माझा आग्रह होता. त्याआधी गोळीने हॉर्मोन पातळीवर आणलं. ऑपरेशननंतर कॅल्शियम काही दिवस खाली राहिलं, मग सावरलं.

सगळं निघालं का, हे कळायची साधी खूण आहे. ऑपरेशननंतर बाहेरून दिलं जाणारं हॉर्मोन, थायरॉक्सिन, काही काळ रोखलं की टीएसएच चांगलं वर चढायला हवं. अडखळलं तर कुठेतरी तुकडा जिवंत आहे आणि स्वतःच हॉर्मोन बनवतोय. तिचं आधी अडखळलं. रेडिओआयोडीननंतर चढलं.

तिच्या तीन वर्षांच्या भावातही बदल सापडला. त्याचं टीएसएच दबलेलं, टी-फोर मात्र अजून मर्यादेत, वजन-उंची व्यवस्थित. एकाच घरात, एकाच बदलाने, कुणाला पाळण्यात त्रास होतो तर कुणाला तिशीत, म्हणून त्याला आज औषध नाही. दर तीन महिन्यांनी रक्त, नाडी, उंचीचा आलेख, आणि हाडांचं वय पुढे पळतंय का ते बघायला वर्षातून एकदा मनगटाचा एक्स-रे. वडिलांना हृदयतज्ज्ञांकडे पाठवलं आहे; ठोके ताब्यात आले की त्यांचीही उरलेली ग्रंथी संपवायची.

गेल्या महिन्यात मुलीच्या आत्याचा फोन आला. त्यांच्यातही बदल आहे, गोळी चालू आहे आणि पाचवा महिना लागला आहे. बाळात तो येण्याची शक्यता निम्मी. त्यांच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना मी चिठ्ठी दिली आहे: कार्बिमॅझोल गरजेपुरतंच, कारण ते नाळेतून बाळाकडे जातं, सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाची गती आणि गळा बघावा, जन्मल्यावर नाळेच्या रक्तातून टीएसएच, टी-फोर आणि जनुकाची तपासणी, पहिल्या दोन आठवड्यांत हॉर्मोन पुन्हा तपासावं. ग्रेव्ह्ज असलेल्या आईच्या बाळात हा त्रास आला तर आईकडून आलेली प्रतिपिंडं काही महिन्यांत निघून जातात आणि तो थांबतो. या बाळात आला, तर तो आपोआप थांबणार नाही, हे चिठ्ठीत अधोरेखित केलं आहे.