‘ब्लॉक्ड: काही नाही’

आमची सात जणांची सॉफ्टवेअर टीम आहे. मी सांगलीत विश्रामबागला, दोघं पुण्यात, एक मुलगा कराडला, बाकीचे आणखी कुठं कुठं, आणि क्लायंटची मॅनेजर इंग्लंडात. रोज सकाळी साडेनऊपर्यंत प्रत्येकानं ग्रुपवर तीन ओळी टाकायच्या: डन, नेक्स्ट, ब्लॉक्ड. दहा वाजता मी त्या एकत्र करून एकच मेसेज क्लायंटला पाठवते. उन्हाळ्यात त्यांचे नऊ वाजतात तेव्हा आपले दीड वाजलेले असतात. म्हणजे मी दहाला लिहिलेलं दीडला वाचलं जातं, आणि काही विचारायचं राहिलं तर उत्तराला आपली संध्याकाळ होते. फोनवर बोलणाऱ्या टीमचा अर्धवट शब्द चालून जातो, आमचा नाही.

त्या आठवड्यात शुक्रवारी रिलीज होता. आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी आम्ही टेस्टिंगचा सर्व्हर बदलला. कराडच्या मुलाकडे कुरिअर कंपनीच्या सेवेशी जोडणी होती, ती दुसऱ्या दिवशी बंद पडली. एरर फक्त एवढीच:

```
Connection timed out
```

त्याला वाटलं समोरची सेवा संथ आहे. त्यानं थांबण्याची मर्यादा तीसची साठ सेकंद केली आणि सोमवारी सकाळी डनमध्ये लिहिलं, ‘टाइमआउट हाताळणी सुधारली.’ मीही ते तसंच पुढं पाठवलं. खरं तर इथंच शंका यायला हवी होती. संथ सेवा कधी तरी उत्तर देते. इथं एकही विनंती पोचत नव्हती. सोमवारी दिवसभरात त्यानं तीच विनंती जुन्या सर्व्हरवरून करून पाहिली, ती लगेच चालली. नव्या सर्व्हरचा आयपी वेगळा, आणि कुरिअरवाल्यांची फायरवॉल ओळखीच्याच आयपीला आत घेते. अनोळखी असेल तर नकारही कळवत नाही, गप्प बसते. पोरानं हे शोधलं ते चांगलंच शोधलं. संध्याकाळी त्यांच्या सपोर्टला मेल टाकला.

मंगळवारी सकाळची त्याची ओळ होती: ‘आयपी परवानगीसाठी मेल केलाय, वाट पाहतोय.’ कुठल्या मथळ्याखाली, ते लिहिलं नव्हतं. मी ती नेक्स्टमध्ये टाकली: ‘आयपी परवानगीचा पाठपुरावा.’ आणि ब्लॉक्डपुढं ‘काही नाही.’ ब्लॉक्डमध्ये काही दिसलं की आमच्या वरच्या साहेबांचा लगेच फोन येतो, ‘कुणी अडवलं?’ असा, जणू भांडण झालंय. तो फोन मला नको होता.

बुधवारी मी तेच पुन्हा लिहिलं. दोन वाजता मॅनेजरचा प्रश्न आला: तीन दिवस ब्लॉक्ड रिकामं आहे, मग टेस्टिंग सुरू का नाही?

मी कराडला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, मेल टाकलाय की. मग अडलंय कुठं?” त्याच्या लेखी अडणं म्हणजे काय करावं ते न सुचणं. आपल्याला करायचं ते करून झालं आणि पुढचं दुसऱ्याच्या हातात आहे, हेच खरं अडणं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

मग मी मॅनेजरला लिहिलं: ‘टेस्टिंग सर्व्हरचा नवा आयपी कुरिअर कंपनीच्या फायरवॉलमध्ये नाही. सोमवार संध्याकाळपासून त्यांच्या सपोर्टकडे मेल पडून आहे, उत्तर नाही. तुमच्या ओळखीतून त्यांच्या नेटवर्कच्या माणसाशी बोलणं हवं. उद्यापर्यंत न झाल्यास शुक्रवारचा रिलीज होणार नाही.’

चाळीस मिनिटांत तिचं उत्तर आलं. तिच्याकडे त्या माणसाचा थेट नंबर होता. पण ते लोक फायरवॉलमधले बदल फक्त मंगळवारी आणि गुरुवारी रात्री करतात. मंगळवार आदल्याच दिवशी गेला होता. गुरुवारी रात्री वाट मोकळी झाली, टेस्टिंग शुक्रवारी सुरू झालं आणि रिलीज पुढच्या मंगळवारी गेला. मंगळवारी सकाळी मी ती ओळ तिच्या जागी ठेवली असती, तर कदाचित त्याच रात्री काम झालं असतं. हा ‘कदाचित’ काही डोक्यातून जात नाही.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “पुरात आयर्विन पुलाचं पाणी कसं कळवतात? किती वाजता, किती फूट. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. ‘पाण्याचा पाठपुरावा सुरू आहे’ असं कुणी कळवलं असतं, तर आपण सामान वर हलवलं असतं का?” मी काही बोलले नाही, आमटी वाढून घेतली.

आता माझ्या साच्यात ब्लॉक्डच्या ओळीत काय अडलं, केव्हापासून, कुणाच्या हातात आणि कधीपर्यंत सुटलं पाहिजे, हे चारही यावं लागतं. साहेबांचे फोन येतात, घेते. कराडच्या मुलानं मात्र भलतंच मनावर घेतलंय. परवा त्याची ओळ होती: ‘ब्लॉक्ड: कोड रिव्ह्यू, काल दुपारी तीनपासून, ताईंच्या हातात, आज चारपर्यंत हवा.’

ती नेक्स्टमध्ये सरकवायला माझे हात शिवशिवत होते.