घाटातली एकच क्लिप तीन ॲप्सवर: लोगो आणि पिक्सेलचा हिशोब

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की या पावसाळ्यात कसारा घाटातल्या रेल्वेगाड्यांच्या क्लिपा इन्स्टाग्राम, यूट्यूब शॉर्ट्स आणि फेसबुक अशा तिन्हीकडे टाकून बघणार. बघितल्या. पहिल्या क्लिपची मी स्वतःच्या हातांनी वाट लावली, दुसरी बरी गेली. दोन्हींत काय फरक होता ते सविस्तर लिहितोय, कारण आपल्या ग्रुपवर अर्धे लोक अजूनही मी पहिल्यांदा केलं तेच करतात.

पहिली क्लिप

जुलैतला धो धो पाऊस. १:३७ चा चढ, एक्सप्रेस वळणावर येतेय आणि मागून बँकर इंजिनं ढकलताहेत. रेल्वेच्या हद्दीबाहेरच्या टेकाडावरून ३८ सेकंद टिपले. घरी येताना गाडीतच फोनवर कापाकापी करून एका ॲपवर टाकले. मूळ कापलेली फाइल ठेवलीच नाही. दोन दिवसांनी दुसरीकडे टाकायची वेळ आली तेव्हा पोस्ट केलेली क्लिपच परत उतरवून घेतली. तिच्यावर त्या ॲपचा लोगो आणि माझं खातं असा शिक्का आलेला, आणि तोही एका जागी न बसता वर-खाली उड्या मारणारा. म्हटलं, एवढ्याशा लोगोने काय होतंय? तशीच टाकली.

दुसऱ्या ॲपवर ती बघणारे जवळजवळ सगळे माझेच फॉलोअर निघाले. एरवी घाटाच्या क्लिपला निम्म्याहून जास्त लोक अनोळखी असतात.

यात गूढ काही नाही. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२१ मध्येच जाहीर केलं होतं की दुसऱ्या ॲपचा लोगो किंवा वॉटरमार्क दिसणाऱ्या रील्स शिफारशीत कमी दाखवल्या जातील. तेव्हा रोख मुख्यतः टिकटॉकवरून उचललेल्या रील्सवर होता. आपल्याकडे टिकटॉक २९ जून २०२० लाच बंद झालेलं, म्हणून हा नियम आपल्यासाठी नाही असं बऱ्याच जणांना वाटलं. पण नियम कुठल्याही ॲपच्या लोगोला लागू आहे. यूट्यूबनेही २०२१ च्या शॉर्ट्स फंडातून पैसे देताना दुसऱ्या ॲपचा लोगो असलेले व्हिडिओ वगळले होते. ऑगस्ट २०२२ पासून तर यूट्यूब स्टुडिओतून उतरवलेल्या शॉर्टवर यूट्यूबच आपला शिक्का मारू लागलं. फेसबुकनेही २०२५ च्या जुलैत दुसऱ्यांचा माल उचलणाऱ्यांवर कारवाई जाहीर करताना दुसऱ्या ॲपचे वॉटरमार्क टाळा असंच सांगितलं. प्रत्येकाने आपापल्या गुरांना डाग दिलाय आणि दुसऱ्याच्या डागाचं जनावर दिसलं की फाटक लोटून घ्यायचं, असा हा सगळा कारभार.

नीट लक्षात घ्या, क्लिप काढून टाकत नाहीत. फॉलोअरना ती दिसते, लिंक पाठवली तरी उघडते. बंद होतो तो अनोळखी माणसांपर्यंत जाण्याचा रस्ता. म्हणूनच नुसता एकूण आकडा बघून काही कळत नाही. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये फॉलोअर आणि बाकीचे असं वेगळं दिसतं, तिथे बघायचं. सोबत सेटिंग्जमधलं अकाउंट स्टेटसही उघडायचं. खातंच शिफारशीतून बाहेर गेलं असेल तर ते तिथे कळतं, आणि मग दोष एकट्या क्लिपचा नसतो.

लोगो कापून बघितला

साहजिकच पुढचा उद्योग म्हणजे कात्री. एका मित्राने फोनवर सल्ला दिला, "अरे, वरून-खालून दीडशे पिक्सेल उडव, झालं काम." उडवले. १०८० बाय १९२० च्या चौकटीतून वर १५० आणि खाली १५० गेले की उंची उरते १६२०. ९:१६ चं प्रमाण राखायचं तर रुंदी ९११ वर आणावी लागते. म्हणजे मूळ पिक्सेलपैकी साधारण ७१ टक्केच हातात राहिले, आणि तेच ताणून पुन्हा १०८० वर न्यायचे, म्हणजे जवळपास १९ टक्के मोठे करायचे.

लोगो गेला, पण इंजिनाच्या अंगावरचा पाच आकडी नंबर वाचता येईना. रेलफॅनच्या क्लिपमध्ये नंबर वाचता येत नसेल तर ती क्लिप काय कामाची? तेव्हापासून माझी परीक्षा हीच आहे: अपलोड झाल्यावर दुसऱ्या फोनवर क्लिप थांबवायची आणि नंबर वाचायचा.

नंबर पुसला गेला त्याला नुसतं ताणणं कारण नव्हतं. व्हिडिओ दाबताना एन्कोडर प्रत्येक फ्रेम नव्याने साठवत नाही, मागच्या फ्रेमपेक्षा काय हललं तेवढंच लिहून ठेवतो. डोंगर जागेवर असेल तर त्याला फारसा खर्च नाही. पण पावसाचा थेंब न् थेंब आणि वाऱ्याने डोलणारं पान न् पान दर फ्रेमला बदलतं. ठरलेल्या बिटरेटमधला मोठा वाटा पाऊसच खातो आणि इंजिनाच्या वाट्याला उरलेलं येतं, म्हणून तिथे चौकोनी ठिपके दिसायला लागतात. ही झाली पहिली दाबणी. उतरवलेली क्लिप पुन्हा अपलोड केली की दुसरी दाबणी होते, आणि या वेळी एन्कोडर त्या ठिपक्यांच्या कडांनाच खरा तपशील समजून त्यांच्यावर बिट खर्च करतो. उन्हाळ्यातल्या क्लिपा दोनदा दाबल्या तरी खपून जातात. पावसाळ्यातल्या नाही.

व्हॉट्सॲपवरून क्लिप लॅपटॉपवर आणणाऱ्यांनाही हेच लागू. तिथे साधा व्हिडिओ म्हणून पाठवलं की तो बराच बारीक होतो. ऑगस्ट २०२३ पासून एचडीचा पर्याय आलाय, पण तोही ७२० पीच. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फाइल आहे तशी पोचते. मी आता सरळ केबल लावतो. शंका आली की हे चालवायचं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=width,height,r_frame_rate,bit_rate -of default=nw=1 clip.mp4
```

रुंदी-उंचीतला लहान आकडा १०८० च्या खाली दिसला तर फाइल मधे कुठेतरी चेपली गेली आहे. तो आकडा बरोबर पण बिटरेट एक-दोन मेगाबिट असेल तर ती जवळजवळ नक्कीच कुठल्या तरी ॲपवरून फिरून आलेली असते.

दुसरी क्लिप

पुढच्या रविवारी त्याच टेकाडावर गेलो, पण या वेळी ट्रायपॉड नेला. हातात फोन असला की सगळी चौकटच हलते आणि एन्कोडरला डोंगरसुद्धा हलता दिसतो. फोन स्थिर असला की तेवढे बिट वाचतात. ट्रायपॉडचा हा उपयोग माझ्या फार उशिरा ध्यानात आला.

गाडी लांबलचक असते, त्यामुळे आपण आडवं शूट करतो. ती सवय मोडायची गरज नाही, फक्त किती रेझोल्यूशनवर करता ते बघा. आडवा १०८० पी व्हिडिओ उभा कापला तर रुंदी मिळते जेमतेम ६०७ पिक्सेल. ती १०८० वर न्यायची म्हणजे पावणेदोन पटींहून जास्त ताणणं आलं. तोच व्हिडिओ ४के, म्हणजे ३८४० बाय २१६० मध्ये घेतला तर उभा काप १२१५ बाय २१६० चा येतो. तो थोडा लहान करून १०८० वर बसवायचा. ताणण्याऐवजी आवळल्यामुळे चित्र उलट धारदार दिसतं.

```
ffmpeg -i ghat4k.mp4 -vf "crop=1214:2160:1700:0,scale=1080:1920:flags=lanczos,setsar=1" -r 30 -c:v libx264 -preset slow -crf 17 -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 192k master.mp4
```

१२१५ ऐवजी १२१४ लिहिलंय कारण सम आकडा लागतो. १७०० म्हणजे डावीकडून किती अंतरावर काप सुरू करायचा ते. माझं वळण तिथे होतं, तुमचं तुम्ही ठरवा. शार्पनेसचा फिल्टर मुद्दाम लावला नाही, कारण तो पावसाच्या थेंबांनाही धार लावतो आणि एन्कोडरचं ओझं वाढवतो. फाइल ७५ एमबीच्या आसपास आली, म्हणजे ३८ सेकंदांना सरासरी १६ मेगाबिट. यूट्यूब १०८० पी, ३० फ्रेमसाठी ८ मेगाबिट सुचवतं, त्याच्या दुप्पट. अपलोडनंतर सगळेच दाबणार आहेत, तर निदान पहिला माल तरी भरपूर असू द्या.

आणि मुख्य म्हणजे हीच `master.mp4` तिन्हीकडे वेगवेगळी अपलोड केली. एकीकडून उतरवून दुसरीकडे काहीही नेलं नाही. इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये मीडिया क्वालिटीखाली सर्वोत्तम दर्जात अपलोड करण्याचं बटण आहे, ते माझ्याकडे बंदच होतं.

नंबर तिन्हीकडे वाचता आला. इन्स्टाग्रामवर अनोळखी प्रेक्षक परत नेहमीच्या प्रमाणात आले.

यातलं किती श्रेय लोगो नसण्याचं आणि किती पिक्सेलचं? माझा अंदाज असा की लोगोचा परिणाम थेट आहे, कारण तो जाहीर नियमच आहे. रेझोल्यूशनचा आडून होतो: चित्राचा चिखल झालेला दिसला की माणूस अंगठ्याने पुढे ढकलतो आणि ॲप ते मोजतं. ६०७ ची क्लिपही लोगोशिवाय चालून जाते, पण लोगोवाली ४के चालत नाही. एकच क्लिप एकाच खात्यावर दोनदा टाकून हे तपासता येत नाही, कारण दुसरी वेळ ही पुनरावृत्तीच ठरते. म्हणून मी ज्या त्या ॲपवर माझ्याच मागच्या दहा क्लिपांशी तुलना करतो.

तीन ॲप्सचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून भांडू नका. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरायला सुरुवात केली. त्या दिवसानंतरची तुमची उडी बहुधा तुमची नाही. तिथे मी किती जण थांबले आणि किती जणांनी ढकललं एवढंच बघतो.

एक उलटी गंमतही आहे. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरींनी २०२४ मध्ये सांगितलं होतं की इन्स्टाग्रामवर एखादा व्हिडिओ बराच काळ कुणी बघितला नाही तर तो कमी दर्जात दाखवला जातो आणि पुन्हा चालायला लागला की दर्जा वाढवतात. त्यामुळे माझी मागच्या वर्षीची भोर घाटाची क्लिप आता धूसर दिसते, ती माझ्या डोळ्यांमुळे नाही.

राहिला स्वतःच्या नावाचा प्रश्न. क्लिपा चोरणारी पेजेस वाढलीत, त्यामुळे नाव तर हवंच. नियमांचा रोख दुसऱ्या ॲप्सच्या शिक्क्यांवर आहे, आपल्या नावावर नाही. मात्र कापाकापीच्या ॲपची फुकट आवृत्ती कोपऱ्यात स्वतःचा लोगो चिकटवते, तो एक्सपोर्टच्या आधी काढा. माझं नाव मी आधी तळाशी लिहायचो. तिथे कॅप्शन आणि बटणं येतात, त्यामुळे ते कुणाला दिसायचंच नाही. आता उंचीच्या मधोमध, डाव्या कडेला, फिकट पांढऱ्यात, मागच्या डब्यांवर येईल असं ठेवलंय. कापून काढायचं झालं तर चोराला गाडीच कापावी लागेल.

पुढच्या रविवारी पाऊस टिकला तर इगतपुरीच्या बाजूने.