भिंतीचा नवा रंग फोटोवर पाहणे: नोंद तिसरी, गुणक आणि खिडकीजवळचा डाग

मागच्या दोन प्रयत्नांत मी फक्त रंगछटा बदलून पाहिली होती. तिच्यात उजळपणा जुन्या भिंतीचाच राहतो, त्यामुळे नवा रंग गडद असूनही भिंत फिकटच दिसत होती. या वेळी छटा बदलण्याऐवजी गुणाकार केला. पिक्सेलचा उजेड म्हणजे भिंतीवर पडलेला प्रकाश गुणिले रंगाची परावर्तनक्षमता. म्हणून फक्त दुसरा घटक बदलला, तर सावल्या आणि खिडकीकडून मंदावत जाणारा उजेड आपोआप टिकतो.

नव्या रंगाचे दोन हात दिलेला पुठ्ठा भिंतीला सपाट चिकटवला आणि रॉ फाइल टोन कर्व्ह न लावता उघडली. पुठ्ठ्यालगतची क्रीम भिंत 232, 220, 196 आली, तर पुठ्ठा 150, 170, 150. हे आकडे गॅमा लावलेले असल्याने त्यांचा थेट भागाकार चुकतो. आधी ते रेषीय करावे लागतात. तसे केल्यावर गुणक लाल, हिरवा व निळा या क्रमाने सुमारे 0.38, 0.56 आणि 0.55 निघाले.

```
k = lin(card) / lin(wall)
out = img * (1 - m + m * k)
```

येथे `img` रेषीय आहे आणि `m` हा भिंतीचा मास्क. मास्कमध्ये सर्वाधिक वेळ स्विचबोर्डने घेतला. बोर्ड वगळताना त्याखालची बारीक सावलीही मी वगळली होती आणि तेथे क्रीम रंगाची रेघ उरली. सावली पडते भिंतीवर, म्हणून ती मास्कमध्येच हवी. बोर्डाच्या कडेचे एक-दोन पिक्सेल मात्र अर्धवट मूल्याचे ठेवावेत, नाहीतर कड कात्रीने कापल्यासारखी दिसते.

खरा घोळ खिडकीच्या चौकटीलगत झाला. तेथे हातभर पट्ट्यात उतार नाहीसा होऊन सपाट हिरवट डाग आला. मूळ फोटोत तपासले, तर त्या पट्ट्यात तिन्ही चॅनेल 255 वर अडकलेले होते. तेथील उजेडाचा फरक कॅमेऱ्याने नोंदवलाच नव्हता, मग गुणाकार तो आणणार कुठून? ट्रायपॉड न हलवता दोन स्टॉप कमी एक्स्पोजरचा फोटो घेतला, त्याची रेषीय मूल्ये चौपट केली आणि अडकलेल्या जागी तीच वापरली. डाग गेला.

पडताळणीसाठी तोच पुठ्ठा खिडकीजवळ आणि लांबच्या कोपऱ्यात धरून पाहिला. दोन्ही ठिकाणी गणिती रंग त्याच्याशी जुळला. कोपऱ्यातल्या जुळण्यावर मात्र माझा विश्वास नाही, कारण पुठ्ठ्यावरही शेजारच्या क्रीम भिंतीचाच परावर्तित उजेड पडत होता. दोन्ही भिंती रंगवल्यावर त्या एकमेकींवर हिरवट उजेड टाकतील आणि तो कोपरा या चित्रापेक्षा गडद दिसेल.