गणेशपेठची बस आणि मधातच हरवणारा आवाज

"सर, बस मधातच गायब होऊन राहिली जी. दिसून तर राहिली, पण ऐकूच येत नाही," असिस्टंट हेडफोन माझ्याकडे देत म्हणाला. नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या एडिटिंग टेबलवर एका छोट्या माहितीपटाचं शेवटचं काम चाललं होतं. दुसऱ्या दिवशी तो एका सभागृहात दाखवायचा होता. शॉट आठ सेकंदांचा होता. गणेशपेठ बसस्थानकाच्या फाटकातून लाल एसटी निघते, डावीकडून तिरपी येते आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून उजवीकडे बाहेर पडते. आवाजानं तिच्यासोबत डावीकडून उजवीकडे जावं, एवढंच त्याला करायचं होतं.

त्याची पद्धत बरोबर दिसत होती. प्रीमियरमध्ये क्लिप निवडून `Effect Controls` उघडलं होतं आणि `Panner` च्या स्टॉपवॉचवर क्लिक करून सुरुवातीला −६०, शेवटी +६० असे दोन कीफ्रेम दिले होते. उणे आकडा म्हणजे डावीकडे, अधिक म्हणजे उजवीकडे. ऐकताना बस डाव्या कानात छान सुरू व्हायची. मध्य ओलांडला की मात्र उजवीकडे न जाता विरत जायची.

मी त्याला आवाज सोडून मीटरकडे बघायला सांगितलं. बस मध्याच्या पुढे गेली तशी डावी पट्टी खाली येत होती, पण उजवी पट्टी पूर्ण शॉटभर तळाशीच पडून होती. तिथेच कारण सापडलं. रेकॉर्डर दोन चॅनेलचा होता. पहिल्या चॅनेलवर बूम माइक होता, दुसऱ्यावर कॉलर माइक, आणि या शॉटमध्ये कोणी बोलत नसल्यामुळे तो बंद होता. फाइल मात्र स्टिरिओ म्हणूनच तयार झाली होती, म्हणजे डावीकडे बस आणि उजवीकडे शांतता. स्टिरिओ क्लिपवर तो कंट्रोल आवाज एका बाजूकडून दुसरीकडे नेत नाही. तो फक्त विरुद्ध बाजूचा आवाज कमी करतो. उजवीकडे नेताना तो डावा चॅनेल दाबत गेला, आणि उजव्यात मुळातच काही नसल्यामुळे ऐकायला काहीच उरलं नाही.

यावर उपाय म्हणजे क्लिप मोनो करणं. प्रोजेक्ट पॅनेलमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून `Modify > Audio Channels` उघडायचं. `Clip Channel Format` मध्ये `Mono` निवडायचं, क्लिपची संख्या एक ठेवायची आणि सोर्स म्हणून बूमचा डावा चॅनेल द्यायचा. इथे एक गोष्ट हमखास चुकते. हा बदल टाइमलाइनवर आधीच ठेवलेल्या क्लिपला लागू होत नाही. त्यानं सेटिंग बदललं, पुन्हा प्ले केलं, आणि बस पुन्हा तिथेच हरवली. जुनी क्लिप काढून बिनमधून तोच तुकडा नव्यानं टाइमलाइनवर आणावा लागतो. त्या क्लिपवरचे कीफ्रेम सोबत येत नाहीत. म्हणून चॅनेलची तपासणी पॅन सुरू करण्याआधी करावी. मोनो क्लिप आणली आणि उजवी पट्टी पहिल्यांदाच वर उठली.

आता आवाज डावीकडून उजवीकडे जात होता, तरी बरोबर वाटत नव्हता. डोळे मिटून ऐकलं तर ठीक, आणि डोळे उघडले की आवाज बसच्या पुढे पळालेला. त्यानं वेळ समान वाटली होती, पण तिरपी येणारी बस पडद्यावर समान वेगानं सरकत नाही. लांब असताना तासभर तिथेच उभी असल्यासारखी वाटते आणि जवळ आली की अर्ध्या सेकंदात अर्धा पडदा ओलांडते. दोन कीफ्रेमच्या सरळ रेषेनं पाचव्या सेकंदाला पॅन +१५ वर गेला होता, म्हणजे मध्याच्या उजवीकडे. बस त्या वेळी पडद्याच्या डाव्या भागातच होती.

म्हणून आम्ही कीफ्रेम घड्याळाऐवजी चित्रावरून ठेवले. `Program Monitor` वर रूलर लावला आणि बसच्या पुढच्या चाकाची जागा पिक्सेलमध्ये वाचली. चित्र १९२० पिक्सेल रुंद, म्हणजे मध्य ९६०. पडद्याच्या कडेला जास्तीत जास्त ६० पॅन द्यायचा ठरवला होता, त्यावरून हिशेब सोपा होता:

```
पॅन = (x − ९६०) ÷ ९६० × ६०
```

सुरुवातीला चाक २३० वर होतं, तिथे −४६. तिसऱ्या सेकंदाला ते जेमतेम ४०० वर पोचलं होतं, म्हणून −३५. पाचव्या सेकंदाला ७०० वर, म्हणजे −१६. सहाव्याला ११८० वर, म्हणजे +१४. आणि त्यानंतर फक्त बारा फ्रेममध्ये, पंचवीस फ्रेमच्या हिशेबानं अर्ध्या सेकंदात, ते १९०० वर, म्हणजे +५९. पहिल्या तीन सेकंदांत ११ अंकांची हालचाल आणि त्या अर्ध्या सेकंदात ४५ अंकांची. या पाच कीफ्रेममध्ये सरळ रेषाच ठेवल्या. अजून दाट कीफ्रेम देऊन काही मिळत नाही, कानाला पॅनमधले दोन-चार अंक कळत नाहीत. जिथे वेग बदलतो तिथे कीफ्रेम हवाच.

पुढचं चाक का धरलं, तर जुन्या लालपरीचं इंजिन पुढे असतं आणि आवाजाचा मोठा भाग तिथून येतो. बसचा मध्य धरला असता तर इंजिन पडद्याबाहेर गेल्यावरही आवाज आतच रेंगाळला असता. चाक बाहेर पडल्यावरही आवाज एकदम टोकाला नेला नाही. बाहेर गेलेली गाडी लांब जाताना तिची दिशा फारशी बदलत नाही, फक्त तिचा आवाज कमी होत जातो. म्हणून आठव्या सेकंदापर्यंत +५९ वरून +६६ एवढंच, आणि बाकीचं काम रेकॉर्डिंगमधल्या उतरत्या आवाजानं केलं.

इथे असिस्टंटनं एक चांगला प्रश्न विचारला. "आवाज सर्वात मोठा होतो आणि त्याचा सूर खाली पडतो, तिथे पॅन शून्य नको का?" कॅमेरा रस्त्याला काटकोनात असेल तर हवा. गाडी पडद्याच्या मध्यावर असते तेव्हाच ती सर्वात जवळ असते, म्हणून सूर पडण्याची जागा हाच मधला कीफ्रेम, आणि चित्र न बघताही तो अचूक बसतो. या शॉटमध्ये कॅमेरा तिरपा होता. बस सर्वात जवळ आली ती पडद्याच्या उजव्या कडेपाशी, साडेसहाव्या सेकंदाच्या आसपास. शून्य तिथे ठेवला असता तर बस बाहेर पडतानाही आवाज मध्यावरच राहिला असता. माइक कॅमेऱ्याजवळच होता, त्यामुळे चढउतार आणि सुराचं पडणं रेकॉर्डिंगमध्ये आपोआप आलं होतं. व्हॉल्यूमला एकही कीफ्रेम दिला नाही. माइक दुसरीकडे कुठे लावलेला असता तर मात्र तेही चित्रानुसार घडवावं लागलं असतं, कारण अंतर दुप्पट झालं की उघड्या जागेत आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो.

एक अडचण उरली होती, आणि माझ्या मते पॅन कृत्रिम वाटण्याचं ते सर्वात मोठं कारण आहे. बूममध्ये बससोबत अख्खं बसस्थानक होतं, कंडक्टरांच्या हाका, भोंग्यावरच्या घोषणा, ऑटोंचे हॉर्न. बसला पॅन केलं की हे सगळं तिच्या मागे डावीकडून उजवीकडे वाहत जायचं, जणू स्थानकच सरकतंय. सुदैवानं साउंडवाल्यानं त्याच जागी, गाडी नसताना, दीड मिनिटाचा नुसता परिसराचा आवाज स्टिरिओत घेऊन ठेवला होता. तो वेगळ्या ट्रॅकवर, पॅन न करता, पूर्ण शॉटखाली टाकला आणि बसच्या क्लिपवर लो कट लावण्याऐवजी तिची सुरुवात आठ फ्रेमच्या फेडनं आणली. खालचा थर दोन्ही कानांत स्थिर राहिला की वरच्या क्लिपमधला सरकणारा गोंगाट त्यात झाकला जातो. असा थर हाताशी नसेल तर पॅन ३० ते ३५ च्या आतच ठेवावा. कमी हललेला आवाज चालतो, सरकणारं स्थानक चालत नाही.

पुढचा शॉट संत्रा मार्केटचा होता. हातगाडीवाला गाडी ढकलत, ओरडत चाललाय. तो चालतोय म्हणून असिस्टंटनं पूर्ण शॉटभर −६० ते +६० असा पॅन दिला होता. पण पहिले चार सेकंद कॅमेरा त्याच्यासोबतच फिरतो, आणि तो पडद्याच्या मधोमधच राहतो. पॅन पडद्यावरच्या जागेचा असतो, रस्त्यावरच्या जागेचा नाही. ते चार सेकंद शून्यच ठेवले. कॅमेरा थांबतो त्या फ्रेमवर एक कीफ्रेम, तिथेही शून्य, आणि तिथून पुढे गाडी बाहेर पडेपर्यंत. चाकांचा खडखडाट +४० पर्यंत नेला, हाक मात्र +२० लाच थांबवली. माणसाचं बोलणं कडेला गेलं की प्रेक्षकाचं लक्ष चित्रावरून त्या स्पीकरकडे जातं. चाकं आणि तोंड यांत एवढा फरक कुणाला ऐकू येत नाही.

शेवटी बस पुन्हा एकदा मोनोत ऐकली, कारण छोट्या सभागृहांत दोन्ही बाजूंना एकच आवाज जोडलेला असणं नेहमीचं आहे. मध्यावर दोन्ही बाजू ३ डेसिबल खाली ठेवणाऱ्या पॅनमध्ये, मोनो केल्यावर मध्यावरचा आवाज टोकापेक्षा ३ डेसिबलनं मोठा होतो. पूर्ण १०० पर्यंत नेलं असतं तर बस पडद्याचा मध्य ओलांडताना उगाच फुगली असती. ६० वर हा फरक साधारण १ डेसिबल राहतो, तो इंजिनच्या आवाजात कळत नाही. हेडफोनमध्ये एक कान पूर्ण रिकामा होत नाही आणि सभागृहात डाव्या स्पीकरजवळ बसलेल्याचीही बस हरवत नाही, तो फायदा वेगळाच.

फाइलसोबत पाच सेकंदांची एक वेगळी चाचणी क्लिप दिली. फक्त डाव्या बाजूनं "डावा", मग फक्त उजव्या बाजूनं "उजवा". दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहात ती लावली तर "डावा" उजव्या स्पीकरमधून आला. ऑपरेटरनं मिक्सरच्या मागच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, आणि मग बस जिथे दिसत होती तिथूनच ऐकू आली.