जास्तीचा अंगठा येतो कुठून?

«मॅडम, सॉनिक हेजहॉग तर करंगळीच्या बाजूला असतं ना? मग जास्तीचं बोट अंगठ्याच्या बाजूला कसं येतं?»

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुस्तकातल्या आकृतीत भ्रूणाच्या हाता-पायाचा अंकुर, म्हणजे लिंब बड, दाखवलेला असतो. त्याच्या मागच्या काठाला, म्हणजे करंगळीच्या बाजूला, एक रंगीत ठिपका असतो. हा झेडपीए, आणि सॉनिक हेजहॉग हे पेशींना संदेश देणारं प्रथिन इथेच तयार होतं, असं आपण पाठ करतो. पण ते बनवायचं जनुक अंगठ्याच्या बाजूच्या पेशींतही असतंच. तिथे ते बंद ठेवलेलं असतं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर या बंद ठेवण्यात आहे.

हाताचा बड फलनानंतर साधारण २६व्या-२७व्या दिवशी दिसू लागतो, पायाचा त्यानंतर एक-दोन दिवसांनी. टोकावरच्या एक्टोडर्मची, म्हणजे बाहेरच्या थराची, जाड कड म्हणजे एईआर. ती एफजीएफ नावाची संदेश देणारी प्रथिनं सोडते आणि खालच्या पेशी, म्हणजे मेसेन्काइम, वाढत ठेवते. या एफजीएफमुळे झेडपीएतलं सॉनिक हेजहॉग चालू राहतं, आणि सॉनिक हेजहॉग ग्रेम्लिन या प्रथिनामार्फत एईआर टिकवतं. दोघांचा जीव एकमेकांवर अवलंबून आहे, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

सॉन्डर्स आणि गॅसेलिंग यांनी १९६८ साली कोंबडीच्या भ्रूणावर केलेला प्रयोग मी दर वर्षी फळ्यावर काढते. त्यांनी पंखाच्या बडचा मागच्या काठाचा तुकडा घेतला आणि दुसऱ्या बडच्या पुढच्या काठाला लावला. पंखाला एरवी तीनच बोटं असतात, २-३-४. या पंखाला आली ४-३-२-२-३-४, आरशात पाहिल्यासारखी. लावलेल्या तुकड्याची बोटं झाली नव्हती, बोटं यजमान पेशींचीच होती. तुकड्याने त्यांना फक्त संदेश दिला होता. तो संदेश सॉनिक हेजहॉगचा, हे १९९३ साली टॅबिन यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं.

माणसात असा तुकडा कोणी लावत नाही, पण परिणाम तसाच दिसू शकतो. सॉनिक हेजहॉग जनुक सातव्या क्रोमोसोमच्या लांब बाजूच्या टोकाकडे आहे. हात-पायांत ते चालू करणारा डीएनएचा तुकडा, झेडआरएस, त्याच्या शेजारी नाही. तो सुमारे दहा लाख बेस अंतरावर आहे आणि भलत्याच एका जनुकाच्या इन्ट्रॉनमध्ये बसलाय. त्याच्यावर काही प्रथिनं जनुक चालू करायला बसतात, काही बंद ठेवायला. तिथलं एकच अक्षर बदललं तरी हा तोल ढळू शकतो, आणि अंगठ्याच्या बाजूलाही थोडं सॉनिक हेजहॉग तयार होऊ लागतं. मग त्या बाजूची एईआर जास्त टिकते, हाताची पाटी रुंद होते आणि जास्तीच्या बोटाला जागा मिळते. प्रमाण त्याहून कमी असेल तर बोट वाढत नाही, पण अंगठ्यात दोनऐवजी तीन फॅलँजेस येतात.

आता एक्स-रे वाचूया. समजा, नवजात बाळाच्या उजव्या हाताला दोन अंगठे आहेत आणि डावा अंगठा एकच, पण लांबट. डाव्या अंगठ्याची हाडं मोजा, तीन भरली. आता वडिलांचे हातही बघा. त्यांचा अंगठा इतर बोटांच्याच पातळीत आहे, अंगठ्याच्या बुडाशी असलेला थेनारचा उंचवटा सपाट आहे आणि करंगळीच्या टोकाला अंगठा नीट टेकत नाही, म्हणजे त्यांचाही अंगठा तीन हाडांचा असावा. एका घरात एकाला जास्तीचं बोट आणि दुसऱ्याला तीन हाडांचा अंगठा, ही ऑटोसोमल डॉमिनंट झेडआरएस दोषाची ओळखण्यासारखी खूण आहे. याउलट एकाच हाताला दुहेरी अंगठा असेल, हाडं नेहमीची असतील आणि घरात कोणालाच काही नसेल, तर बहुतेक वेळा कारण सापडत नाही. अशा वेळी झेडआरएसचं नाव घाईने घेऊ नका. करंगळीच्या बाजूचं सहावं बोट हे तर वेगळंच प्रकरण आहे.

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे: सॉनिक हेजहॉगच्या मूळ जनुकातच, त्याच्या एका प्रतीत, बिघाड झाला तर मेंदूचे दोन भाग नीट वेगळे न होण्याचा दोष, म्हणजे होलोप्रोसेनसेफली, होऊ शकतो, पण बोटं सहसा नीट असतात. झेडआरएसमध्ये बिघाड झाला तर मेंदू नीट राहतो आणि दोष हातापायांपुरता राहतो. उंदरातून झेडआरएस काढून टाकला तेव्हा पिल्लांचे पाय खुंटलेले निघाले, बाकी शरीर ठीक होतं. प्रथिन एकच, पण ते कुठे आणि कधी बनवायचं हे सांगणारे तुकडे अवयवागणिक वेगळे आहेत.

म्हणूनच अशा कुटुंबाच्या तपासणीत «सॉनिक हेजहॉग जनुक नॉर्मल» असा रिपोर्ट आला तर तिथे थांबू नका. नेहमीच्या एक्सोम चाचणीत मुख्यतः प्रथिनाचा मजकूर वाचला जातो, त्यामुळे इन्ट्रॉनमधला झेडआरएस बहुधा सुटतो. तो वेगळा मागवावा लागतो. रिपोर्टात LMBR1 हे नाव दिसलं तर गोंधळू नका. झेडआरएस ज्याच्या पाचव्या इन्ट्रॉनमध्ये बसलाय, ते हेच जनुक.